किनाऱ्यावरच्या एसीची एएमसी: कॉम्प्रिहेन्सिव्ह की साधी, हे कॉइलकडे बघून ठरवा

समुद्रापासून दोन-तीनशे मीटरवर लावलेला एसी पुण्या-नाशिकच्या एसीसारखा म्हातारा होत नाही. घाटावर बहुधा आधी पीसीबी, म्हणजे मशीनचा सर्किट बोर्ड, किंवा पंख्याची मोटर त्रास देते. किनारपट्टीवर मात्र बाहेरच्या युनिटची कॉइल आधी जाते. या कॉइलमध्ये बहुतेक वेळा तांब्याची नळी असते आणि तिच्यावर ॲल्युमिनियमच्या कागदासारख्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिन, बसवलेल्या असतात. खाऱ्या ओलाव्यात हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम झिजू लागतं. आधी फिनवर पांढरी पूड दिसते, मग पट्ट्या बोट लावताच भुगा होऊन गळतात. फिन गेल्या की आतली उष्णता बाहेर टाकता येत नाही, कॉम्प्रेसर जास्त दाबावर चालतो, बिल वाढतं. शेवटी नळीला, बहुधा एखाद्या वाकणाजवळ, सुईच्या टोकाएवढं छिद्र पडतं आणि गॅस निघून जातो.

एएमसीचा, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचा, कागद हातात आल्यावर म्हणूनच पहिला प्रश्न असा विचारायचा: मिठाने कॉइल खाल्ली तर खर्च कोणाचा? बाकीची तुलना त्यानंतर.

दोन करारांत खरा फरक काय

नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे साध्या, करारात तुम्ही माणसाचे श्रम आणि ठरलेल्या सर्व्हिसिंगच्या फेऱ्या विकत घेता. बिघाड झाला तर माणूस येतो, तपासतो, दुरुस्त करतो. लागलेला पार्ट आणि गॅस यांचे पैसे वेगळे. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये पार्टही धरलेले असतात: कॉम्प्रेसर, पीसीबी, पंख्याच्या मोटर, कॅपॅसिटर, सेन्सर आणि बऱ्याचदा गॅस. पण 'सगळं आलं' असं तोंडी सांगून दिलेल्या करारालाही मागच्या पानावर वगळलेल्या पार्टची यादी असतेच. दोन कंपन्यांच्या 'कॉम्प्रिहेन्सिव्ह'मध्ये एवढा फरक असू शकतो की नाव एक असलं तरी माल दोन. तुलना करताना पुढच्या पानावरचा दर झाकून ठेवा आणि मागचं पान आधी वाचा.

कोटेशन मागवण्याआधी घरी करायची तपासणी

प्रत्येक मशीनच्या बाहेरच्या युनिटवरची नेमप्लेट वाचून ठेवा. गॅस कुठला (आर-२२, आर-४१०ए की आर-३२), किती ग्रॅम भरायचा, किती अँपिअर करंट घेते, हे त्यावर छापलेलं असतं. किनाऱ्यावर ही पट्टी दोन-तीन वर्षांत पुसट होते, म्हणून आजच फोटो काढा. सोबत खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड शोधा. अनेक इन्व्हर्टर मशीनना कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची आणि काहींना पीसीबीवर पाच वर्षांची वॉरंटी असते. ती चालू असताना कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली तर तेच पार्ट पुन्हा विकत घेतल्यासारखं होतं. मात्र अशा वॉरंटीत बऱ्याचदा फक्त पार्ट मिळतो. मजुरी, गॅस आणि येण्या-जाण्याचा खर्च तुमच्यावर पडतो. शिवाय बाहेरच्या माणसाने मशीन उघडलं म्हणून कंपनी वॉरंटी नाकारू शकते. म्हणून वॉरंटीतल्या मशीनचा करार अधिकृत सर्व्हिस सेंटरशीच करावा.

त्यानंतर एमसीबी बंद करून दिवसाउजेडी बाहेरच्या युनिटची मागची बाजू बघा. फिनची एक कड बोटाने हलकेच दाबा. नुसती धूळ असेल तर बोट काळपट होतं. गंज असेल तर बोटाला पांढरी, किंचित खरखरीत पूड लागते. खालचा तळ, जिथे पाणी साचतं, आणि समुद्राकडची बाजू आधी जाते. नळीच्या वाकणांवर तेलकट डाग असून त्यावर धूळ चिकटली असेल तर तिथून गॅस सुटत असण्याची दाट शक्यता, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं तेलही थोडं थोडं बाहेर येतं.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. उघड्यावरच्या युनिटचं मीठ पावसाळ्यात आपोआप धुऊन जातं. ऊन-पावसापासून वाचवावं म्हणून पत्र्याखाली किंवा पडवीच्या कोपऱ्यात ठेवलेल्या युनिटवर पाऊस पोहोचत नाही. मीठ तसंच राहतं आणि दमट हवेत चार महिने ओलं राहतं. अशा 'सुरक्षित' जागेतलं युनिट जास्त बारकाईने बघा.

वगळलेले पार्ट: गॅस कुठून गळला यावर बिल ठरतं

बहुतेक करारांत काही गोष्टी वगळलेल्या असतातच आणि त्यावर भांडण्यात अर्थ नाही: फिल्टर, रिमोट, पुढचं प्लास्टिक पॅनेल, झडपा, ड्रेन पाइप, स्टॅबिलायझर, एमसीबी आणि बाहेरचं वायरिंग. वीज पडणं, व्होल्टेजचा झटका, उंदरांनी कुरतडणं, पाल पीसीबीवर जाऊन शॉर्ट होणं हेही 'बाह्य कारण' म्हणून वगळलेलं असतं. कोकणात पाल आणि वळवाच्या विजा या दोन्ही गोष्टी नेहमीच्याच, त्यामुळे त्या खर्चाची तयारी आपली आपण ठेवावी.

पैशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या ओळी वेगळ्या आहेत. 'कोरोजन', 'रस्टिंग', 'सलाइन ॲटमॉस्फिअर', 'एन्व्हायर्नमेंटल कंडिशन' असे शब्द कराराच्या इंग्रजीत कुठेही दिसले तर थांबा. त्यांचा अर्थ एवढाच की किनाऱ्यावर ज्या कारणाने कॉइल जाते, ते कारणच करारातून काढून टाकलेलं आहे. वर यादीत 'कंडेन्सर कॉइल समाविष्ट' असं लिहिलेलं असलं तरी खालच्या या एका ओळीने ते रद्द होतं.

दुसरी ओळ गॅसची. गॅस तीन ठिकाणांहून सुटतो: आतल्या युनिटची कॉइल, बाहेरच्या युनिटची कॉइल, आणि दोघांना जोडणारा तांब्याचा पाइप व त्याचे फ्लेअर नट. जोडणारा पाइप मशीनचा भाग नाही, तो बसवताना वेगळा घेतलेला असतो, म्हणून तो बहुतेक करारांत वगळलेला असतो. मग गळती नटावर सापडली की गॅसही वगळला जातो. खाऱ्या हवेत पितळी नट आणि त्याखालचं पाइपचं पसरवलेलं टोक, म्हणजे फ्लेअर, खराब होणं काही दुर्मीळ नाही, तेव्हा ही तरतूद किनाऱ्यावर प्रत्यक्षात लागू पडते. करारात 'वर्षातून एकदाच गॅस' असं असेल आणि तो एकदा गळती न शोधता भरून टाकला, तर दुसऱ्या वेळी पैसे तुमचे.

तिसरी गोष्ट लोखंडी स्टँड. तो कुठल्याच करारात नसतो. भिंतीवरचा गंजलेला ब्रॅकेट तुटून युनिट खाली आलं तर पाइपही तुटतो आणि तो बिघाड 'अपघात' म्हणून वगळला जातो. स्टँडच्या भिंतीकडच्या वेल्डिंगला पापुद्रे सुटले असतील तर कराराची वाट न बघता तो आधी बदला.

फेऱ्या: आकडा नव्हे, महिना आणि काम लिहून घ्या

'वर्षाला ४ व्हिजिट' या शब्दांत तीन वेगळे अर्थ लपलेले असू शकतात. चार वेट सर्व्हिस, म्हणजे जेट पंपाने आतली आणि बाहेरची दोन्ही कॉइल धुणं. किंवा दोन वेट आणि दोन ड्राय, ज्यात ड्राय म्हणजे फिल्टर धुऊन ब्रश फिरवणं. किंवा बिघाडाचे कॉल धरून एकूण चार फेऱ्या. तिसरा प्रकार घातक, कारण मार्चमध्ये दोनदा बिघाडासाठी बोलावलं की वर्षभराचं अर्धं सर्व्हिसिंग संपलं. बिघाडाचे कॉल वेगळे आणि अमर्याद, असं स्पष्ट लिहून घ्या. बाहेरचं युनिट दरवेळी धुतलं जाणार का, हेही लिहून घ्या. ते पहिल्या मजल्यावर असेल आणि शिडी तुम्ही द्यायची असेल तर फेरी बऱ्याचदा आतलं युनिट धुऊनच आटोपते. किनाऱ्यावर मात्र बाहेरचं युनिट धुणं हेच मुख्य काम.

चार फेऱ्या असतील तर आमच्या मते त्या अशा पडाव्यात: पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरच्या मध्यात, मग जानेवारीत, मार्चच्या अखेरीस म्हणजे मे महिन्याच्या गर्दीआधी, आणि मे संपताना म्हणजे पावसाआधी. तीनच मिळत असतील तर जानेवारीची सोडा. ऑक्टोबरची फेरी कधीच सोडू नका. घर किंवा होमस्टे पावसाळाभर बंद असेल तर आतल्या कॉइलवर आणि ब्लोअरवर बुरशी धरते, आणि तसाच एसी सुरू केला की पहिल्याच दिवशी खोलीभर ओल्या गोणपाटासारखा वास सुटतो.

पाण्याचं विसरू नका. जेट पंप घेऊन आलेला मेकॅनिक पाणी तुमच्याच विहिरीचं वापरणार. समुद्राजवळच्या कितीतरी विहिरींचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतं. त्या पाण्याने कॉइल धुणं म्हणजे मीठ काढायला मीठच मारणं. जिभेला पाणी किंचितही खारट लागलं तर नळाचं पाणी दोन-तीन बादल्या भरून ठेवा. आणि कॉइल लवकर चमकावी म्हणून आम्लयुक्त क्लीनर बाहेरच्या कॉइलवर मारू देऊ नका; ते मळाबरोबर फिनही खातं.

गुहागरचं एक उदाहरण, आकड्यांसह

समजा गुहागरला किनाऱ्यापासून साधारण ३०० मीटरवर तीन खोल्यांचा होमस्टे आहे. तीन स्प्लिट एसी, प्रत्येकी दीड टन. पहिला दोन वर्षांचा इन्व्हर्टर, दुसरा सहा वर्षांचा इन्व्हर्टर, तिसरा दहा वर्षांचा जुना फिक्स्ड स्पीड, आर-२२ गॅसचा. एजन्सी चिपळूणची. पुढचे दर उदाहरणासाठी धरले आहेत. तुमच्याकडच्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला, रीत तीच राहील.

कॉम्प्रिहेन्सिव्हचा दर दर मशीनला ५,५०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की ६,४९० रुपये. नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह २,००० रुपये, जीएसटीसह २,३६०. म्हणजे एका मशीनमागे फरक ४,१३० रुपयांचा. प्रश्न एवढाच की या ४,१३० रुपयांत आपल्या मशीनचा कुठला खरा धोका एजन्सी अंगावर घेते.

दोन वर्षांच्या मशीनचा कॉम्प्रेसर आणि पीसीबी कंपनीच्या वॉरंटीत आहेत. कॉइलच्या फिन अजून निळसर, पूड नाही. या वयाला मोठा खर्च येण्याची शक्यता कमी. इथे अधिकृत सेंटरकडून चार वेट सर्व्हिसची नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यावी. फरकाचे पैसे हातात राहतात, आणि धुण्यानेच या कॉइलचं आयुष्य वाढणार आहे.

सहा वर्षांच्या मशीनचा निर्णय खरा अवघड. कॉम्प्रेसरची वॉरंटी अजून चार वर्षं बाकी, पण पीसीबीची संपली. खालच्या कडेला पांढरी पूड दिसू लागली आहे. धरून चालू की इन्व्हर्टरचा पीसीबी ६,००० रुपये, पंख्याची मोटर २,५००, बाहेरची कॉइल ८,५०० आणि गळती काढून पूर्ण गॅस भरणं ३,००० रुपये. करारात कॉइल आणि गॅस गंजासकट धरले असतील तर कॉइल एकदा गेली तरी ८,५०० आणि ३,००० मिळून ११,५०० रुपये वाचतात; म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक एका बिघाडात वसूल. इथे कॉम्प्रिहेन्सिव्ह घ्यावी. पण गंज वगळलेला असेल तर उरतात फक्त पीसीबी, मोटर आणि किरकोळ पार्ट. पीसीबी जळाला तरी व्होल्टेजचं कारण दाखवून तोही नाकारला जाऊ शकतो. अशा करारासाठी दरवर्षी ४,१३० रुपये जास्त देऊ नयेत. तेवढेच बाजूला टाकले तर दोन वर्षांत ८,२६० रुपये जमतात आणि ते कुठल्याही पार्टला वापरता येतात.

दहा वर्षांच्या मशीनला बरेच जण कॉम्प्रिहेन्सिव्ह देतच नाहीत. जे देतात ते 'आधी तपासणी, आधी दुरुस्ती, मग करार' अशी अट घालतात, म्हणजे गळकी कॉइल आधी तुमच्या पैशाने बदलायची. या मशीनला नॉन-कॉम्प्रिहेन्सिव्ह पुरे. त्याचा कॅपॅसिटर, रिले असे पार्ट स्वस्त असतात. कॉइल गळली तर नवी कॉइल न घालता मशीन बदलण्याचा विचार करावा.

तिन्ही मशीनना सरसकट कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतली असती तर १९,४७० रुपये. एक कॉम्प्रिहेन्सिव्ह आणि दोन साध्या घेतल्या तर ६,४९० अधिक ४,७२०, म्हणजे ११,२१० रुपये. एजन्सी 'सगळ्यांना एकच प्लॅन' म्हणाली तरी मशीननिहाय करार मागा. कराराला मॉडेल आणि सीरियल नंबर लागतातच, त्यामुळे यात अवघड काही नाही.

एक गोष्ट या हिशेबाबाहेर राहते, ती म्हणजे अंतर. चिपळूण ते गुहागर रस्ता चाळीस किलोमीटरहून जास्त. कित्येक करारांत सर्व्हिस सेंटरपासून ठरावीक अंतरापलीकडे दर फेरीला प्रवासखर्च वेगळा असतो. ३०० रुपये धरले आणि चार सर्व्हिस व दोन बिघाड झाले तर १,८०० रुपये गेले. तिन्ही मशीन एकाच फेरीत धुतली तर खर्च एकदाच, हेही लिहून घ्या.

सही करण्याआधी हाताने लिहून घ्यायच्या ओळी

छापील करारावर पेनाने ओळ घालून दोघांनी सही करता येते. कॉम्प्रिहेन्सिव्हसाठी पहिली ओळ अशी: 'बाहेरच्या व आतल्या कॉइलची गळती, गंजामुळे झालेली धरून, दुरुस्ती किंवा बदल आणि त्यासाठी लागणारा गॅस करारात समाविष्ट.' एजन्सी हे लिहायला नकार देत असेल तर तिच्या 'सगळं आलं'चा अर्थ तुम्हाला सहीआधीच कळला.

दुसरी ओळ मुदतीची: तक्रारीनंतर किती तासांत माणूस येणार, आणि पीसीबी दुरुस्तीला नेला तर किती दिवसांत परत बसणार. मे महिन्यात बंद पडलेल्या खोलीचं भाडं करार भरून देत नाही, तेव्हा इथे आकडा हवाच. तिसरी ओळ बदललेल्या पार्टची: नवा की दुरुस्त केलेला, आणि त्यावर किती महिन्यांची हमी.

करार सुरू होताना प्रत्येक मशीनच्या कॉइलचे, नटांचे, स्टँडचे तारखेसह फोटो काढून एजन्सीला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि तपासणी अहवालावर तिची सही घ्या. सहा महिन्यांनी कोणी 'ही कॉइल आधीपासूनच खराब होती' म्हणालं तर हाच कागद पुढे करायचा.

प्रत्येक फेरीला उभं राहून काय बघायचं

धुऊन झाल्यावर एसी १८ अंशांवर लावून पंधरा-वीस मिनिटं चालवायला सांगा. आत जाणाऱ्या हवेचं आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान साध्या थर्मामीटरने मोजा. फरक साधारण ८ ते १२ अंश हवा. हवा फार दमट असली की तो थोडा कमी दिसतो, पण चार-पाच अंशांवर अडकला आणि बाहेरच्या युनिटच्या बारीक पाइपवर बर्फ धरलं असेल तर गॅस कमी आहे. क्लॅम्प मीटरने करंटही मोजून घ्या. हे दोन्ही आकडे सर्व्हिस स्लिपवर लिहायला लावा. चार फेऱ्यांचे आकडे एकाखाली एक आले की मशीन कधीपासून बिघडू लागलं ते स्लिपवरूनच दिसतं.

गॅस कमी निघाला तर 'थोडा मारून देतो' हे मान्य करू नका. गॅस हवेत उडून जात नाही, तो कुठूनतरी सुटतोच. रीत अशी: उरलेला गॅस काढायचा, नायट्रोजनने दाब देऊन साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड आणि वाकण तपासायचं, बुडबुडा दिसला तिथे दुरुस्त करायचं, मग व्हॅक्यूम पंप किमान २० ते ३० मिनिटं लावायचा आणि वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून नेमप्लेटवरचे ग्रॅम मोजून गॅस भरायचा. आर-३२ थोडा ज्वलनशील आहे, म्हणून गॅस पूर्ण काढल्याशिवाय ब्रेझिंगची ज्योत जवळ आणू देऊ नका. गळती कुठे सापडली ते स्लिपवर नेमकं लिहून घ्या, कॉइलवर की नटावर, कारण बिल कोणाचं हे त्या एका शब्दावर ठरणार आहे.

दोन फेऱ्यांच्या मधे घरच्या घरी एक काम करता येतं. ऑक्टोबर ते मे दर पंधरा दिवसांनी, एमसीबी बंद करून, बाहेरच्या कॉइलवर गोड्या पाण्याचा साधा पाइप पाच मिनिटं धरा. जोरदार जेट नको, फिन वाकतात. पाणी समोरून सरळ सोडा, तिरकं नको, आणि बाजूच्या इलेक्ट्रिक झाकणावर उडवू नका. अर्धा तास निथळू दिलं की मग एसी लावा.

नूतनीकरणाच्या वेळी गेल्या वर्षीच्या स्लिपा समोर घ्या. ठरलेल्या चारपैकी तीनच फेऱ्या झाल्या असतील तर राहिलेली पुढच्या वर्षात जोडून मागा किंवा तेवढी रक्कम दरातून कापायला सांगा. करार संपल्यावर उरलेल्या फेऱ्या आपोआप बुडतात, तेव्हा हे बोलणं मुदत संपायच्या महिनाभर आधी करा.